कलम ३६ : अटकेतल्या माणसाचा स्वतःचा हक्क

कुलभूषण जाधव यांच्या खटल्यामुळे ‘कॉन्सुलर ॲक्सेस’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. पण परदेशात पकडलेल्या माणसाला आपल्या दूतावासाशी संपर्क साधू देण्याचा हा हक्क नेमका कुणाचा, त्याच्या देशाचा की त्याचा स्वतःचाही, याचा निवाडा त्याआधी अठरा वर्षं, एका जर्मन प्रकरणात झाला होता.

१९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ अटक करणाऱ्या देशावर तीन जबाबदाऱ्या टाकतं. कैद्यानं मागणी केली तर त्याच्या दूतावासाला विनाविलंब कळवायचं, त्याची पत्रं पोचवायची आणि मुळात असा हक्क आहे हे कैद्याला सांगायचं. सगळं अवलंबून आहे ते या तिसऱ्या गोष्टीवर. जे ठाऊकच नाही ते कैदी मागणार कसं?

लाग्रँड बंधूंचं नेमकं हेच झालं. लहानपणीच अमेरिकेत आलेल्या या दोघा जर्मन नागरिकांना १९८२ मध्ये ॲरिझोनात बँक दरोडा आणि खुनाबद्दल पकडलं, पुढे फाशीची शिक्षा झाली. दूतावासाचा हक्क त्यांना कुणी सांगितला नाही. १९९२ मध्ये दुसरीकडून कळल्यावर त्यांनीच जर्मन अधिकाऱ्यांना गाठलं. त्यांच्या जर्मनीतल्या हालाच्या बालपणाचे पुरावे शिक्षा ठरण्याआधी आपण मांडू शकलो असतो, असं जर्मनीचं म्हणणं होतं. पण हा मुद्दा खालच्या कोर्टात काढला नव्हता, म्हणून वरच्या कोर्टांनी तो ऐकलाच नाही. ज्या सरकारनं हक्क लपवला, त्याच्याच कोर्टानं उशिराचा दोष कैद्यावर टाकावा, हे मला आजही संतापजनक वाटतं. १९९९ मध्ये दोघांनाही मृत्युदंड देण्यात आला. थोरल्याला तर आंतरराष्ट्रीय न्यायालयानं थांबण्याचा आदेश दिला असतानाही. २००१ मध्ये त्या न्यायालयानं स्पष्ट केलं की कलम ३६ व्यक्तीलाही हक्क देतं, आणि इतक्या कठोर शिक्षेनंतर नुसती माफी पुरत नाही. शिक्षेचा फेरविचार करावाच लागतो.

जाधव प्रकरणात भारत याच पायावर उभा राहिला. ३ मार्च २०१६ ला झालेली अटक पाकिस्ताननं २५ मार्चला कळवली. डिसेंबर २०१७ मध्ये आई आणि पत्नीची काचेआडून भेट झाली. तेव्हा आईला मराठीत बोलू दिलं नाही, असं परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं. पण ती कुटुंबाची भेट होती, दूतावासाची नव्हे. हेरगिरीच्या आरोपीला हे कलम लागू नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवाद होता. २००८ च्या द्विपक्षीय कराराचाही त्यानं आधार घेतला. १७ जुलै २०१९ ला न्यायालयानं १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानला दोषी धरलं. तीन आठवड्यांचा विलंबही करारभंगच ठरला.

फाशी रद्द करून सुटका करावी, ही भारताची मागणी मात्र फेटाळली गेली. परिणामकारक फेरविचार करा, तो कसा करायचा ते तुम्ही ठरवा, एवढंच न्यायालयानं पाकिस्तानला सांगितलं. भारतीय अधिकाऱ्याला जाधव पहिल्यांदा भेटले ते २ सप्टेंबर २०१९ ला, अटकेनंतर साडेतीन वर्षांनी.