भोंगा कधी वाजला?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही काही जण दर शनिवारी आपापलं लिखाण वाचून दाखवतो. मागच्या महिन्यात वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर मशीनवर काम केलेल्या एका काकांनी आपला ललितलेख वाचला. विषय होता त्यांचा बंद पडलेला कारखाना. आवाज खणखणीत, आठवणी अस्सल, तरी पहिल्या परिच्छेदातच ऐकणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या. कुणीतरी विचारलं, “काका, हे आत्ताचं की तेव्हाचं?” काका म्हणाले, “अहो, सगळं तेव्हाचंच!” पण तसं नव्हतं. परिच्छेद असा होता:

“वागळे इस्टेटच्या त्या रस्त्यावर मी उभा आहे. समोर काचेची इमारत होती. इथेच आमचा कारखाना आहे. रोज सकाळी सातला भोंगा वाजायचा. मी धावत फाटकाशी पोहोचलो. पहारेकरी हसतो. ‘आज पण उशीर?’ मी मान खाली घातली होती. तुम्ही दोन मिनिटं उशिरा आलात की पगार कापला जातो. साहेबांना वाटलं, हा पोरगा कामचुकार आहे. चार वर्षांनी कारखाना बंद पडेल.”

अकरा वाक्यं आणि क्रियापदांचा हा गोंधळ. पण यातली खरी चूक ‘काळ मिसळले’ ही नाही. काळ मिसळल्याशिवाय असा लेख लिहिताच येत नाही. चूक अशी की प्रत्येक वाक्य कोणत्या घड्याळावर चाललंय, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

वाचताना आपल्या डोक्यात खरोखरच एक घड्याळ चालू असतं. मानसशास्त्रज्ञ रॉल्फ झ्वान यांनी १९९६ मध्ये याची तपासणी केली. छोट्या गोष्टींत पुढचं वाक्य कधी ‘क्षणभराने’ असं सुरू केलं, तर कधी ‘तासाभराने’ असं. बाकी वाक्य तेच. ‘तासाभराने’ वाचताना लोकांना थोडा जास्त वेळ लागला, आणि आधीच्या प्रसंगातल्या गोष्टी मनातून थोड्या मागे सरकल्या. फरक सेकंदाच्या एका अंशाचा, तोही इंग्रजी मजकुरावर मोजलेला, म्हणून मराठीवर जसाच्या तसा चिकटवू नये. पण कारण समजण्यासारखं आहे. वाचणारा प्रसंगाचं एक चित्र मनात मांडत जातो. गोष्टीतली वेळ उडी घेते तेव्हा जुनं चित्र बाजूला ठेवून नवं मांडावं लागतं. ते काम तो आनंदाने करतो, फक्त उडी कुठे आहे हे त्याला दिसायला हवं. काकांच्या परिच्छेदात जवळजवळ प्रत्येक वाक्याला उडी, आणि एकीलाही पाटी नाही.

आता ‘वाजला’, ‘वाजला होता’, ‘वाजायचा’ हे तीन भूतकाळ एकमेकांपासून कसे वेगळे, ते पाहू. तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख यांनी १९४७ मध्ये एक सोपी मांडणी केली: कोणत्याही क्रियापदामागे तीन वेळा असतात. एक बोलण्याची, एक घटनेची, आणि तिसरी, जिथे उभं राहून आपण घटनेकडे पाहतो ती. ‘भोंगा वाजला’ म्हणताना मी भोंग्याच्या क्षणाशीच उभी असते. ‘मी पोहोचले तेव्हा भोंगा वाजला होता’ म्हणताना मी फाटकापाशी उभी असते आणि भोंगा त्याच्याही मागे राहिलेला असतो. म्हणजे ‘होता’ जोडला की वाचणारा आणखी एक पायरी मागे जातो. ‘मी मान खाली घातली होती’ हे वाचलं की वाटतं, मान आधीच खाली गेली होती, पहारेकरी नंतर हसला. काकांना तसं म्हणायचं नव्हतं.

‘वाजायचा’ मात्र या मांडणीत नीट बसत नाही. ते एका भोंग्याचं वाक्य नाही, शेकडो सकाळींचं आहे. मराठी लेखांत सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते, असा माझा अनुभव. ‘भोंगा वाजायचा’ ही रीत, आणि लगेच ‘मी धावत पोहोचलो’ ही एकच सकाळ. रोजच्या रीतीतून एका दिवसावर उतरायला बिजागरी लागते. ‘एकदा’, ‘एका पावसाळ्यात’, ‘त्या सोमवारी’, यातलं काहीही चालतं. ती नसेल तर वाचणारा विचारतो, कोणत्या दिवशी पोहोचलात?

मग काकांच्या कागदावर आम्ही दोन पेनं घेतली. आज रस्त्यावर उभ्या असलेल्या काकांची क्रियापदं निळ्याने, त्या तरुण कामगाराची लालने. शंका आली की रंग न भरता प्रश्नचिन्ह. पाच ठिकाणी प्रश्नचिन्ह पडलं, तेव्हा काका हसायला लागले.

पहिलं वाक्य निळं. ‘उभा आहे’ म्हटलं म्हणजे लेखाचा पाया आज आहे. मग समोरची इमारत ‘होती’ कशी? ती आत्ता समोर आहे. ‘होती’ म्हटलं की ती पाडली असं वाटतं. (याच चालीने एका मुलीने लिहिलं होतं, “माझ्या लहानपणी ठाण्याला खाडी होती.” खाडी अजून आहे, गेलं ते तिचं लहानपण.) उलट कारखाना ‘आहे’ म्हटलंय, जो नाहीये. इथे नुसती अदलाबदल पुरली.

‘पहारेकरी हसतो’ याचा मात्र काकांनी बचाव केला. “ताई, गोष्ट सांगताना आपण असंच म्हणतो ना? मी जातो, बघतो तर काय, दार उघडं!” बरोबर आहे. भूतकाळ सांगता सांगता वर्तमानात शिरणं ही मराठी बोलण्याची जुनी खोड आहे, आणि ती चूक नाही. पण बोलताना ‘बघतो तर काय’ हेच पाटीचं काम करतं आणि पुढचं मोठं काहीतरी ऐकायला आपण कान टवकारतो. पहारेकऱ्याचं हसणं त्या परिच्छेदातलं सगळ्यात किरकोळ काम. तिथे हा वर्तमान वाया जातो. जपून ठेवला तर कारखान्याला कुलूप लागलेलं दिसतं त्या दिवशी तो कामी येईल.

‘आज पण उशीर?’ हे पहारेकऱ्याचे शब्द, त्यांना हात लावायचा नाही. ‘हा पोरगा कामचुकार आहे’ यातलं ‘आहे’ही काळाच्या दृष्टीने बरोबर आहे. इंग्रजी शाळेत शिकलेले काही जण मराठीतही ‘त्यांना वाटलं की तो कामचुकार होता’ असं करायला जातात. मराठीला त्याची गरज नाही. दुसऱ्याचं बोलणं किंवा मनातलं सांगताना आपण त्याच्या क्षणाचाच काळ ठेवतो: आई म्हणाली पाऊस येतोय, मला वाटलं गाडी चुकणार. इथे लाल पेनाने दुरुस्ती केली तर चांगलं वाक्य बिघडतं.

त्या वाक्यातली अडचण निराळी आहे. साहेबांना काय वाटलं, हे काकांना कसं कळलं? तरुण कामगार फाटकाशी, साहेब खिडकीच्या आत. लेख ‘मी’च्या डोळ्यांनी चाललाय आणि मध्येच एका वाक्यापुरता साहेबांच्या डोक्यात शिरतो. पाहणाऱ्याची जागा सरकली की तेही काळाइतकंच खटकतं, फक्त लवकर सापडत नाही, कारण व्याकरण निर्दोष असतं. ओळखायची युक्ती सोपी: वाक्याच्या शेवटी ‘मी हे कुठून पाहिलं?’ असं विचारायचं. काकांनी साहेबांची नजर पाहिली होती, विचार नाही.

आठवणींत ही सरकासरक होण्याला एक कारणही आहे. जॉर्जिया नायग्रो आणि उलरिक नायसर यांनी १९८३ मध्ये लोकांना त्यांच्या आठवणींबद्दल विचारलं, तेव्हा दिसलं की काही आठवणी माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, तर काहींत तो स्वतःलाच बाहेरून पाहतो. जुन्या आठवणींत हे बाहेरून पाहणं जास्त आढळलं. म्हणजे काकांना फाटकाशी मान खाली घातलेला एक पोरगा खरोखरच दिसत असणार. ते चित्र खोटं नाही, पण ते आजच्या काकांचं आहे. ठेवायचं असेल तर ‘आज मला तो पोरगा दिसतो’ असं निळ्या रंगात लिहावं लागेल.

‘तुम्ही दोन मिनिटं उशिरा आलात की’ यातल्या ‘तुम्ही’ने वाचणाऱ्यालाच कार्ड पंच करायला लावलं. काकांनी मग ‘आपण’ सुचवलं. पण मराठीत ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्यासकट. रांगेत उभे होते ते फक्त कामगार, म्हणून ‘आम्ही’. हा फरक आपल्या भाषेत फुकट मिळतो, वापरावा.

शेवटी ‘बंद पडेल’. त्या सकाळी हे कुणाला माहीत होतं? तरुण काकांना नाही. आजच्या काकांना आहे. दोघांना एका वाक्यात बसवायचं तर मराठीत एक नेमकं रूप आहे: ‘बंद पडणार होता’. ‘पडणार’मध्ये त्या सकाळच्या पुढचा काळ आहे, ‘होता’मध्ये आजच्या माणसाचं मागे वळून पाहणं.

दोन चहांनंतर कागदावर हे उरलं:

“वागळे इस्टेटच्या त्या रस्त्यावर मी उभा आहे. समोर काचेची इमारत आहे. इथेच आमचा कारखाना होता. रोज सकाळी सातला भोंगा वाजायचा. एका पावसाळ्यात गाडी रखडली आणि मी धावत फाटकाशी पोहोचलो, तेव्हा भोंगा वाजून गेला होता. पहारेकरी हसला. ‘आज पण उशीर?’ मी मान खाली घातली. आम्ही दोन मिनिटं उशिरा आलो की पगार कापायचे. खिडकीतून साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फाइलीत डोकं घातलं. मला वाटलं, यांच्या लेखी मी कामचुकार आहे. चार वर्षांनी तो कारखाना बंद पडणार होता. मला ते ठाऊक नव्हतं. त्यांना होतं का, कुणास ठाऊक.”

शेवटची दोन वाक्यं काकांनी तिथेच बसून जोडली. साहेबांच्या डोक्यातून बाहेर पडल्यावरच त्यांना हा प्रश्न सुचला, असं ते म्हणाले.

लेखाच्या अगदी अखेरीस एक ओळ आहे. काका आजच्या रस्त्यावर उभे, मोबाइलवर वेळ बघतात, आणि मग: “सात वाजतात. भोंगा वाजला.” एकाने लगेच निळं पेन उचललं. काकांनी कागद ओढून घेतला. “ही चूक नाही,” ते म्हणाले, “ही माझी आहे.” सबंध लेखात रंग नीट लागल्यामुळे ती एकच ओळ उठून दिसत होती. आम्ही तिला हात लावला नाही.