काळं दिसलं म्हणजे पाणीच असं नाही

समजा, 24 वर्षांच्या मुलीच्या डाव्या स्तनात, घड्याळाच्या दोनच्या दिशेला, निपलपासून 3 सेंटिमीटरवर गाठ लागते. दुखत नाही, बोटाखालून निसटते. या वयात तपासणीची सुरुवात सोनोग्राफीनेच होते. मुलीला किंचित उजव्या कुशीकडे कलतं झोपवून डावा हात डोक्यामागे ठेवायला सांगतात. त्यामुळे स्तन पसरून पातळ होतो आणि गाठ प्रोबखालून, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या उपकरणाखालून, सटकत नाही.

पडद्यावर 21 मिलिमीटर रुंद, 11 मिलिमीटर उंच, लंबगोल, जवळजवळ काळा ठिपका दिसतो. पाण्यातून आवाज परतत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. मग ही सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवीच? घाई इथेच नडते. मशीनचा गेन, म्हणजे परतलेला आवाज वाढवून दाखवण्याचं प्रमाण, कमी असलं तर भरीव गाठही काळीकुट्ट दिसते. उलट गेन जास्त ठेवला तर पाण्याने भरलेल्या सिस्टमध्येही खोटे करडे ठिपके उमटतात.

म्हणून आधी गेन असा लावतात की शेजारची चरबी मध्यम करडी दिसावी. या मुलीच्या गाठीत आता एकसारखा करडेपणा भरून येतो.

मग नजर गाठीच्या खाली जाते. उती आवाज शोषतात हे धरून मशीन खोलवरचे प्रतिध्वनी आपणहून वाढवून दाखवतं. पाणी मात्र आवाज फारसा शोषत नाही. तरीही मशीन वाढवायचं तेवढं वाढवतंच, त्यामुळे सिस्टखाली उजळ पट्टा पडतो. इथे उजळपणा आहे, पण जेमतेम. फायब्रोअडेनोमा या कॅन्सर नसलेल्या भरीव गाठीखालीही थोडा उजेड दिसू शकतो, तेव्हा एवढ्यावर निकाल देता येत नाही.

पुढे डॉपलर, म्हणजे वाहणारं रक्त दाखवणारी सोनोग्राफी. प्रोब अगदी हलका टेकवायचा, कारण दाबला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात. गाठीच्या आत एक वाहिनी चमकते, म्हणजे गाठ भरीव. वाहिनी दिसली नसती तर मात्र काहीच सिद्ध झालं नसतं, कारण कितीतरी फायब्रोअडेनोमांत ती दिसत नाही.

खरी फसवते ती घट्ट द्रवाची सिस्ट. तीही करडी दिसते. अशा वेळी कूस बदलायला सांगून आतला गाळ सरकतो का ते पाहतात. तरी शंका राहिली तर सुई घालतात. सिस्ट असेल तर द्रव येतो आणि गाठ पडद्यावर बसत जाते.

या गाठीच्या कडा स्वच्छ आहेत आणि ती त्वचेला समांतर आडवी पसरली आहे. रिपोर्टमध्ये स्तनाच्या गाठीबद्दलच्या संशयाची श्रेणी म्हणून ‘बायरॅड्स 3’ लिहितात, म्हणजे कॅन्सरची शक्यता जास्तीत जास्त 2 टक्के. साधी सिस्ट असती तर ‘2’ मिळाला असता आणि पुन्हा बोलावलंही नसतं. आता 6, 12 आणि 24 महिन्यांनी मोजमाप होईल. सहा महिन्यांत व्यास 20 टक्क्यांहून जास्त वाढला, म्हणजे 21 चे 26 झाले, तर जाड सुईने तुकडा काढून तपासतात, कारण झपाट्याने वाढणारा फायलोड्स ट्यूमर सुरुवातीला हुबेहूब असाच दिसतो.