लीज की खरेदी: सात टक्के धरायचे की दहा?

चार वर्षं चालणारं यंत्र हवं आहे. किंमत १,०००. लीजवर घेतलं तर दर वर्षअखेरीस ३२० भाडं. बँकेचा व्याजदर १० टक्के, नफ्यावरचा कर ३० टक्के. भाड्याची बेरीज १,२८० होते आणि खरेदी १,००० मध्ये, म्हणून विकत घ्या, असं पटकन म्हटलं जातं. पण चौथ्या वर्षी द्यायचे ३२० आज द्यायच्या ३२० इतके जड नसतात, आणि कराचा हिशेब तर अजून झालेलाच नाही.

लीजचं पूर्ण भाडं खर्च म्हणून वजा होतं. म्हणजे ३२० मागे ९६ कर वाचतो आणि खिशातून खरे २२४ जातात. खरेदीत आज १,००० जातात, पण वर्षाला २५० घसारा मिळतो आणि त्यावर दरवर्षी ७५ कर वाचतो.

आता दोन्ही बाजू आजच्या मूल्यात आणायच्या, आणि घोळ होतो तो इथेच. बरेच जण १० टक्क्यांनी वटवतात. मात्र कर्जाच्या व्याजावरही कर वाचतो, त्यामुळे कर्ज खऱ्या अर्थाने ७ टक्क्यांनाच पडतं. लीजचं भाडं हे हप्त्यासारखंच बांधलेलं देणं असतं. ते कर्जाची जागा घेतं. म्हणून रक्कम कर वजा करून घेतली असेल, तर दरही कर वजा करूनच घ्यायला हवा.

७ टक्क्यांनी चार वर्षं दरवर्षी मिळणाऱ्या १ चं आजचं मूल्य ३.३८७ येतं. लीज: २२४ × ३.३८७, सुमारे ७५९. खरेदी: १,००० उणे ७५ × ३.३८७, सुमारे ७४६. खरेदी १३ ने स्वस्त. हेच १० टक्क्यांनी केलं तर गुणक ३.१७० होतो, लीज ७१० आणि खरेदी ७६२. निर्णय पार उलटा, आणि तोही चुकीच्या दरामुळे!

दुसरी चूक म्हणजे खरेदीच्या बाजूला कर्जाचं व्याज वेगळं धरणं. कर वजा जाता कर्जाचे सगळे हप्ते ७ टक्क्यांनी वटवले की नेमके १,००० च येतात. व्याज त्या दरात आधीच मोजलेलं आहे; पुन्हा धरलं तर खरेदी विनाकारण महाग दिसते.

हा हिशेब दोन अटींवर उभा आहे. कर वाचवण्याइतका नफा दरवर्षी हवा, आणि करखात्याने ते भाडं भाडं म्हणूनच मान्य केलेलं हवं. शेवटी यंत्र विकून काही येणार असेल, तर ती रक्कम कर वजा करून खरेदीच्या बाजूने धरा. ती भाड्याइतकी खात्रीची नसते, म्हणून तिला दर थोडा चढा लावा.

घासाघीस करायची असेल तर उलटं गणित करा: ७४६ ला ३.३८७ ने भागून आलेल्या २२० ला पुन्हा ०.७ ने भागा. सुमारे ३१४ येतात. भाडं त्याखाली आलं, तर लीज घ्या.