पाकिटातलं खाणं आवरत का नाही?

ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातले डॉक्टर कार्लोस मोंतेइरो लोकांच्या किराणा खरेदीच्या नोंदी तपासत होते. त्यातून एक कोडं पुढे आलं. घरं पूर्वीपेक्षा साखर आणि तेल कमी विकत घेत होती, तरी लठ्ठपणा वाढतच चालला होता. साखर-तेल गायब झालं नव्हतं. ते आता कारखान्यातच पदार्थात मिसळून, पाकिटांतून आणि बाटल्यांतून घरात येत होतं. २००९ मध्ये मोंतेइरोंनी मांडलं की अन्नात साखर-चरबी किती एवढंच न बघता त्यावर कारखान्यात काय काय केलं गेलंय, हेही बघा. ‘अतिप्रक्रियायुक्त’ ही वर्गवारी तिथून रुळली.

बऱ्याच पोषणतज्ज्ञांना हे पटेना. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे तेव्हाचे संशोधक केविन हॉल त्यांपैकीच एक. शहानिशा करायला त्यांनी २० जणांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवलं. प्रत्येकाला दोन आठवडे पाकिटबंद पद्धतीचं आणि दोन आठवडे साध्या अन्नाचं जेवण दिलं. वाढलेल्या जेवणात कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच होते. हवं तेवढं खा, नको तेवढं टाका, अशी मुभा होती. २०१९ मध्ये निष्कर्ष आले : पाकिटबंद जेवणावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. त्या दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलो वाढलं, साध्या जेवणावर तितकंच उतरलं.

मला यात सर्वांत बोलकी वाटते ती एक बाब. दोन्ही जेवणं चवीला लोकांनी जवळपास सारखीच ठरवली होती. म्हणजे ‘चटकदार असतं म्हणून जास्त खाल्लं जातं’ हे आपलं नेहमीचं उत्तर इथे पुरं पडत नाही. फरक दिसला तो वेगात. पाकिटबंद जेवण लोक भराभर संपवत होते. ते मऊ असतं, फारसं चावावं लागत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो, आणि तोवर ताट रिकामं झालेलं असतं. शिवाय त्या पदार्थांत तंतू इतके कमी होते की हिशेब जुळवायला ते पेयात विरघळवून द्यावे लागले. घन घास तेवढाच, पण त्यात कॅलरी कितीतरी जास्त कोंबलेल्या.

हा धागा १९७७ मध्येच हाती आला होता. ब्रिटिश संशोधकांनी त्या वर्षी सफरचंद तीन रूपांत खायला दिलं : अख्खं, गर करून आणि रस काढून. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने संपला आणि पोट मात्र सर्वांत कमी भरलं. फळ तेच, फक्त चावायचं काम काढून घेतलेलं.

हॉल यांचा प्रयोग छोटा होता आणि घरातल्या खाण्यासारखा नव्हता, हे खरंच. पुढे २०२२ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी अतिप्रक्रियायुक्त जेवणच मऊ आणि कडक अशा दोन प्रकारांत देऊन पाहिलं. कडक जेवण लोकांनी सावकाश खाल्लं आणि कॅलरीही बऱ्याच कमी घेतल्या.