रोमिंग पॅक, लोकल सिम आणि ई-सिम: प्रश्नच चुकीचा विचारला जातोय

‘परदेशात पाच दिवस जायचंय. डेटासाठी रोमिंग पॅक घेऊ, लोकल सिम घेऊ की ई-सिम?’ हा प्रश्न कानावर पडला की मला ‘पायी जाऊ, बसने जाऊ की चपला घालून जाऊ?’ असं ऐकल्यासारखं वाटतं. पहिल्या दोन गोष्टी एका जातीच्या आहेत, तिसरी भलत्याच जातीची. हा नुसता शब्दांचा कीस असता तर मी गप्प बसलो असतो. पण याच घोळापायी माणसं विमानतळावर उतरून अर्धा-अर्धा तास फोनशी झटापट करत उभी असतात.

रोमिंग पॅक बहुतेकांना ठाऊक असतो. सिम आपलं, नंबर आपला, फक्त फोन तिथल्या एखाद्या कंपनीच्या टॉवरवर पाहुणा म्हणून बसतो आणि बिल आपली कंपनी लावते. सोय सगळ्यात जास्त, आणि जीबीचा भावही बहुधा सगळ्यात जास्त. लोकल सिम म्हणजे तिथल्या कंपनीचं गिऱ्हाईक होणं. बऱ्याच देशांत त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. नंबर तिथला मिळतो (काही ठिकाणी पर्यटकांना नुसता डेटाच मिळतो) आणि जीबी स्वस्त पडतो. इथवर कुणाचा गोंधळ होत नाही.

घोडं पेंड खातं ते ई-सिमपाशी. ई-सिम हे सिमच्या आकाराचं नाव आहे. प्लास्टिकचा तुकडा खाचेत सरकवण्याऐवजी फोनमध्ये आधीच एक चिप बसवलेली असते आणि कंपनीचं प्रोफाइल, म्हणजे प्लास्टिकच्या सिमवर असते ती कनेक्शनची माहिती, नेटवरून तिच्यात उतरतं. क्यूआर कोड स्कॅन करतो त्यात इतकंच असतं:

```
LPA:1$rsp.example.com$A1B2-C3D4
```

म्हणजे कुठल्या सर्व्हरवर जायचं आणि तिथून कुठलं प्रोफाइल उचलायचं, याचा पत्ता. त्या प्रोफाइलमध्ये काय असेल ते ठरलेलं नाही. तुमची घरची कंपनी तुमचाच नंबर ई-सिममध्ये देऊ शकते, तेव्हा परदेशात ते रोमिंगच. तिथली कंपनी आपलं लोकल कनेक्शन ई-सिममध्ये देऊ शकते, तेव्हा ते लोकल सिमच. आणि तिसरा प्रकार म्हणजे प्रवासापूर्वी ॲपवरून किंवा वेबसाइटवरून विकत घेतात ते प्रवासी ई-सिम. लोक नुसतं ‘ई-सिम’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात हे असतं.

या तिसऱ्या प्रकाराबद्दलची एक गोष्ट विकणारे ठळक अक्षरात सांगत नाहीत. प्रवासी ई-सिम हे बहुतेक वेळा रोमिंगच असतं. फक्त ते तुमच्या कंपनीचं नसून कुठल्यातरी तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं. ती कंपनी घाऊक भावात रोमिंग विकते, ॲपवाला ते किरकोळीत तुम्हाला देतो. तुम्ही उतरता एका देशात, प्रोफाइल दुसऱ्या देशाचं, घर तिसऱ्या देशात. ‘मी ई-सिम घेतलंय, म्हणजे मला रोमिंग नाही’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. आणि त्याची किंमत माझ्या मावशीने मोजली.

मावशीने निघण्यापूर्वी पाच दिवसांचं, तीन जीबीचं प्रवासी ई-सिम घेतलं आणि घरच्या वाय-फायवर फोनमध्ये टाकूनही ठेवलं. शेजाऱ्यांनी तिला बजावून सांगितलं होतं, ‘परदेशात डेटा रोमिंग अजिबात चालू करायचं नाही, हजारोंचं बिल येतं.’ उतरल्यावर तिचा फोन आला, विमानतळाच्या वाय-फायवरून. ‘अरे, रेघा पूर्ण आहेत, कंपनीचं नावसुद्धा दिसतंय, पण एक पान उघडेल तर शपथ. हे ई-सिम डिलीट करून परत टाकू का?’

‘मावशी, काहीही कर, पण डिलीट करू नकोस,’ मी म्हटलं. हे आधी, बाकी सगळं नंतर. क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. प्रोफाइल पुसलं की विक्रेत्याकडून नवा कोड मागावा लागतो आणि तो मिळेपर्यंत हात चोळत बसावं लागतं.

मग एकेक पाहिलं. ई-सिमची लाइन चालू होती. मोबाइल डेटासाठी तीच निवडलेली होती. रेघा पूर्ण म्हणजे टॉवरनेही तिला आत घेतलं होतं. मग मी तिला त्या लाइनच्या सेटिंगमधलं Data Roaming बघायला सांगितलं. ते बंद होतं. अर्थातच. फोनच्या दृष्टीने ते प्रोफाइल पाहुणं होतं, आणि पाहुण्याला डेटा द्यायचा नाही असा हुकूम मावशीनेच देऊन ठेवला होता. चालू करायला सांगितलं तर म्हणते, ‘आणि बिल?’

तिची शंका बरोबर होती, जागा चुकली होती. Data Roaming हे बटण अख्ख्या फोनचं नसतं, प्रत्येक सिमचं वेगळं असतं. घरच्या सिमवर ते बंद ठेवायचं, कारण तिथे मीटर पळतो. प्रवासी ई-सिमवर चालू करायचं, कारण तिथे पैसे आधीच भरलेले असतात आणि तीन जीबी संपले की नेट थांबतं, एवढंच. ‘रोमिंग बंद ठेवा’ हा सल्ला एका सिमच्या फोनच्या काळातला आहे. दोन सिमच्या फोनवर तो देताना कुठल्या सिमचं ते सांगणार नसाल तर कृपा करून देऊच नका. मावशीने बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात नकाशा उघडला. एवढं करूनही नेट आलं नसतं तर पुढची दोन ठिकाणं होती: विक्रेत्याने दिलेलं एपीएन, म्हणजे डेटा कुठल्या दारातून न्यायचा ते फोनला सांगणारं नाव, सेटिंगमध्ये जसंच्या तसं आहे का, आणि नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी ई-सिमच्या माहितीत नाव असलेली कंपनी यादीतून हाताने निवडून बघणं.

प्रवासी ई-सिम रोमिंग आहे, याचा आणखी एक परिणाम होतो. रोमिंगमधला डेटा बहुधा टॉवरवरून थेट इंटरनेटवर जात नाही. आधी तो प्रोफाइल देणाऱ्या कंपनीच्या दारापर्यंत जातो आणि तिथून बाहेर पडतो. ते दार 10,000 किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन 20,000 किलोमीटर झाले. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण 2,00,000 किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या अंतरापायी दहावा भाग सेकंद गेला. नकाशाला, निरोपांना त्याने काही फरक पडत नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र दोघं एकदम बोलायला लागतात, मग एकदम गप्प होतात. शिवाय वेबसाइटला तुम्ही त्या दाराच्या देशात दिसता. जाहिराती भलत्या भाषेत येतात आणि एखादं बँकेचं ॲप संशयाने बघतं. ई-सिम बिघडलंय असं समजून लोक विक्रेत्याशी भांडत बसतात. बिघडलेलं काही नसतं. आपला आयपी पत्ता कुठल्या देशातला आहे ते दाखवणारी एखादी साइट उघडा, दार कुठे आहे ते लगेच कळेल. हाच गुण कधी पथ्यावरही पडतो: चीनमध्ये बाहेरच्या कंपनीच्या रोमिंगवर तिथे अडवलेल्या साइट उघडतात, लोकल सिमवर नाही.

आता बँकेचे ओटीपी. घरचं सिम काढून पाकिटात ठेवलं आणि त्याच खाचेत लोकल सिम टाकलं, की हॉटेलचे पैसे भरताना ओटीपी कुणाला येणार? पाकिटाला. प्लास्टिकच्या लोकल सिमवर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी, भावासाठी नाही. (आणि ती पिन! सिम बदलायला ती शोधत विमानाच्या खुर्चीखाली रांगणारी माणसं मी पाहिली आहेत.) ई-सिममुळे दोन्ही लाइन एकाच वेळी जिवंत राहतात. घरच्या सिमवर एसएमएस, नव्यावर डेटा. एसएमएसला मोबाइल डेटा लागत नाही, त्यामुळे घरच्या लाइनचं Data Roaming बंद असलं तरी ओटीपी येतो. फक्त त्या नंबरची आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा निघण्यापूर्वी चालू करून घ्यावी लागते. डेटा रोमिंग आणि ही सेवा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती सेवा नसेल तर घरचं सिम परदेशी टॉवरला चिकटतच नाही. येणारा कॉल उचलला तर पैसे लागू शकतात, तेवढं लक्षात असू द्या. आयफोनवर Allow Mobile Data Switching असं काही दिसलं तर तेही बंद करा. कॉल चालू असताना डेटा एका सिमवरून दुसऱ्यावर नेण्यासाठी ते असतं.

मग घ्यायचं काय? आठवड्याच्या आतला मुक्काम, फोन ई-सिम घेणारा आणि एकाच कंपनीच्या सिमला लॉक न केलेला असेल, तर मी डोळे मिटून प्रवासी ई-सिम घेतो. फोन ते घेतो का हे पाहायला `*#06#` दाबा. EID नावाचा 32 अंकी क्रमांक दिसला की ई-सिमची चिप आहे. एक-दोन दिवसांचा थांबा असेल, किंवा नेणारी व्यक्ती सेटिंग उघडायला घाबरत असेल, तर रोमिंग पॅकच बरा. जास्तीचे पैसे मनःशांतीचे समजा. तिथला नंबर लागणार असेल किंवा दिवसभर हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवायचा असेल, तर लोकल कनेक्शन घ्या. शक्य असेल तर तेही ई-सिममध्ये मागा.

‘अमर्याद’ या शब्दावर मात्र तिन्हीकडे विश्वास ठेवू नका. खालच्या बारीक अक्षरात बहुधा असतं की रोज अमुक डेटा झाला की वेग 128 केबीपीएसवर येईल. हिशोब करा: हे 128 किलोबिट आहेत, आठ बिटचा एक बाइट, म्हणजे हा वेग सेकंदाला 16 केबी. तीन एमबीचं एक साधं पान उघडायला तीन मिनिटांहून जास्त. त्यापेक्षा मोजका तीन जीबी पूर्ण वेगाने मिळालेला परवडतो.

विकत घेताना आणखी एक ओळ वाचा: मुदत कधीपासून मोजणार? काहींची प्रोफाइल टाकल्या क्षणी सुरू होते, काहींची तिथल्या टॉवरला पहिल्यांदा जोडल्यावर. दुसऱ्या प्रकारचं असेल तर घरच्या वाय-फायवर टाकून लाइन बंद करून ठेवा आणि विमान उतरल्यावर चालू करा. विमानात आणि जहाजावर फोन विमान मोडवरच राहू द्या. तिथली नेटवर्कं स्वतंत्र असतात, सहसा साध्या पॅकमध्ये बसत नाहीत, आणि घरचं सिम त्यांना गुपचूप चिकटू शकतं.

परतल्यावर मोबाइल डेटा पुन्हा घरच्या सिमवर आणायला विसरू नका. मावशी विसरली होती. दोन दिवस तिला वाटत होतं, घरचं नेट गेलंय.