नमुना-वितरण आणि केंद्रीय सीमा प्रमेय

एकाच समष्टीतून एकाच आकाराचे नमुने पुन्हा पुन्हा काढले, तर प्रत्येक नमुन्याची सरासरी थोडी वेगळी येते. या सगळ्या सरासऱ्या मिळून जे वितरण तयार होते, ते सरासरीचे नमुना-वितरण. नमुना मोठा होत गेला की मूळ आकडे कसेही विखुरलेले असले तरी हे वितरण घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणाकडे सरकते, असे केंद्रीय सीमा प्रमेय सांगते. विद्यार्थी अडखळतात ते बहुधा इथेच, कारण वहीत समोर एकच नमुना असतो आणि विचार मात्र न काढलेल्या हजारो नमुन्यांचा करायचा असतो. म्हणून सगळे नमुने खरोखर मोजता येतील असे छोटे उदाहरण घेतलेले बरे.

तासगाव भागातल्या चार द्राक्षबागा कल्पनेने घेऊ. तीन बागा प्रत्येकी 1 एकराच्या आणि एक 5 एकरांची. सरासरी 2 एकर, पण 2 एकराची बाग एकही नाही. वितरण पुरते एका बाजूला कललेले आहे आणि त्याचे प्रमाण विचलन √3, म्हणजे सुमारे 1.73 एकर.

आता चार चिठ्ठ्या करून एक उचलायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची आणि पुन्हा उचलायची. दोन उचलींच्या 4 × 4 = 16 शक्यता होतात. त्यांपैकी 9 वेळा सरासरी 1 येते, 6 वेळा 3 आणि एकदाच 5. या सोळा सरासऱ्यांची सरासरी काढली तर ती बरोबर 2 भरते. एकेक नमुना चुकतो, पण सगळे मिळून कोणत्याही एका बाजूला झुकत नाहीत.

चार वेळा चिठ्ठी उचलली तर 256 शक्यता. सरासरी 1 येण्याच्या 81, 2 येण्याच्या 108, 3 येण्याच्या 54, 4 येण्याच्या 12 आणि 5 येण्याची फक्त 1. सर्वांत उंच खांब आता 2 वर उभा राहिला, जिथे मुळात एकही बाग नव्हती. कारण साधे आहे. सरासरी 5 हवी असेल तर चारही वेळा मोठीच बाग यावी लागते. सरासरी 2 साठी मोठी बाग एकदाच यावी लागते, आणि ती पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या उचलीत कधीही आली तरी चालते. मधल्या सरासऱ्यांकडे जाणाऱ्या वाटा जास्त असतात, टोकाकडे जाणाऱ्या कमी. घंटेचा आकार येतो तो या मोजणीतून.

हे वितरण किती पसरट असेल, तेही ठरलेले असते. मूळ प्रमाण विचलनाला नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाने भागायचे. येणाऱ्या आकड्याला प्रमाण त्रुटी म्हणतात. दोन चिठ्ठ्यांना ती 1.22 एकर, चारांना 0.87 आणि 48 ला 0.25. अठ्ठेचाळीस उचलींचे असे शंभर नमुने घेतले, तर साधारण 95 किंवा त्याहून जास्त नमुन्यांची सरासरी दीड ते अडीच एकरांत सापडेल. भागायचे वर्गमुळाने असल्यामुळे त्रुटी निम्मी करायला नमुना चौपट लागतो, आणि हे ऐकून सर्वेक्षणाचे पैसे देणारे नाराज होतात.

नमुना मोठा झाला की बागांचे आकडेच प्रसामान्य होतात, ही उत्तरपत्रिकांत हमखास दिसणारी चूक. बागा 1 आणि 5 एकरांच्याच राहतात; आकार बदलतो तो सरासऱ्यांच्या वितरणाचा.

30 चा नमुना पुरेसा, हा नियमही जपून वापरावा. हजारात एकच प्रचंड मोठी बाग असेल, तर 30 च्या शंभर नमुन्यांपैकी सुमारे 97 नमुन्यांत ती येणारच नाही. सरासऱ्यांचा आलेख तेव्हाही वाकडाच राहील. आकडे जितके कललेले, तितका मोठा नमुना लागतो; शिवाय निवडी परस्परांपासून स्वतंत्र असाव्या लागतात आणि समष्टीचे विचलन सांत असावे लागते.

नाणेफेकीपुरते हे प्रमेय दे म्वाव्र यांनी 1733 मध्ये मांडले आणि लाप्लास यांनी 1810 मध्ये ते व्यापक केले. नमुना-सर्वेक्षणाच्या शास्त्रात मोठे काम केलेले पां. वा. सुखात्मे (जन्म 1911) सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पिकाचा उतारा मोजण्यासाठी शेतात छोटे तुकडे आखून कापणी केली, तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, हे त्यांनी 1946 मध्ये दाखवले. आखणीच्या दोरीवर आलेली रोपे कापणारा बहुधा आतच धरतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त. असे छोटे तुकडे हजारोंनी वाढवले तर प्रमाण त्रुटी घटत जाते, घंटा सडपातळ होते, पण ती उभी राहते चुकीच्या आकड्यावर. ही चूक नमुन्याच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. ती पकडायला त्याच शेतात मोठा तुकडा कापून दोन्ही उतारे शेजारी ठेवावे लागतात.