प्रदर्शन-हस्तपत्रक, संपादन (खानदेश)

प्रदर्शनातील स्टॉलवरून जाता-येता हातात दिल्या जाणाऱ्या एकपानी छापील कागदाचा मजकूर बेतण्याची व छाटण्याची रीत. समोरून जाणाऱ्याला इथे काय मिळते ते चालता चालता कळावे आणि घरी गेल्यावर पुढे कोणाला, कसे विचारायचे तेही त्याच कागदावरून सापडावे, हा तिचा हेतू. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत असे कागद कृषी प्रदर्शने, बचत गटांचे मेळावे व औद्योगिक प्रदर्शने यांत वाटले जातात आणि बोलताना त्यांना सरसकट पॅम्प्लेट किंवा पत्रक म्हणतात. प्रस्तुत नोंदीत केळी रोपवाटिकेचे पत्रक नमुन्यादाखल घेतले आहे. रावेर-यावल पट्ट्यातील शेतकरी हा त्याचा ठरलेला वाचक, त्यामुळे काय ठेवावे व काय गाळावे याचा निवाडा सोपा होतो.

वाचकाला मिळणारा वेळ किती, याबद्दल व्यवसायात ‘तीन सेकंद’ हा आकडा सर्रास सांगितला जातो. तो कुठून आला याचा पुरावा सहसा दिला जात नाही, मात्र साध्या हिशेबाने तो फारसा चुकीचा ठरत नाही. स्टॉलची दर्शनी बाजू बहुधा ३ मीटर असते. मोकळ्या वाटेवर माणूस सेकंदाला साधारण १.२ ते १.४ मीटर चालतो, म्हणजे स्टॉल दोन-अडीच सेकंदांत मागे पडतो. गर्दीत हा वेळ दुपटीपर्यंत जाईल, पण गर्दीत नजरही कागदावर ठरत नाही. स्वस्थ बसून वाचणारा एवढ्या वेळात दहाएक शब्द वाचतो. चालत्या माणसाकडून पाच-सहा शब्दांहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

पत्रकाच्या रचनेसाठी जाहिरातशास्त्रातील ‘लक्ष, रस, इच्छा, कृती’ ही चार पायऱ्यांची मांडणी आधाराला घेतली जाते. तिचे जनकत्व अमेरिकन जाहिराततज्ज्ञ ई. सेंट एल्मो लुईस यांच्याकडे आणि तिचा काळ १८९८ कडे नेण्याचा प्रघात आहे. हा प्रघात मुख्यतः ई. के. स्ट्राँग यांच्या १९२५ मधील लेखनावर उभा आहे. चार पायऱ्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांचे ‘आयडा’ हे रूप सी. पी. रसेल यांनी १९२१ मध्ये वापरल्याचे दाखवले जाते. तेव्हा १८९८ हे साल परंपरागत मानणे आणि ही मांडणी १९२० च्या दशकात रूढ झाली असे म्हणणे अधिक सुरक्षित. ती विक्रेत्याच्या सलग संभाषणावरून बेतलेली आहे. हस्तपत्रकाचे संभाषण मात्र काही सेकंदांत तुटते आणि जुळलेच तर कित्येक आठवड्यांनी जुळते. म्हणून चार पायऱ्या क्रमाने चढवण्यापेक्षा पत्रकाचे दोन भाग करावेत, एक चालताना वाचायचा आणि दुसरा घरी, हे मत येथे ग्राह्य धरले आहे.

नमुन्याच्या पत्रकाचा पहिला मसुदा बहुधा ठरल्या घाटाचा असतो. वर ‘श्री’, त्याखाली मालकाचा फोटो, मग ‘शेतकरी बांधवांच्या सर्वांगीण विकासासाठी सदैव कटिबद्ध असलेली अग्रगण्य रोपवाटिका’ आणि केळी हा शब्द थेट पाचव्या-सहाव्या ओळीत. संपादनात ‘श्री’ बारीक टाइपात जागेवर राहतो. त्याला हात लावण्याची गरज नसते आणि मालकालाही ते रुचत नाही. फोटो लहान होऊन खाली, फोन क्रमांकाशेजारी जातो. तिथे तो उपयोगी पडतो, कारण स्टॉलवर बोललेला माणूस चेहऱ्यावरून आठवतो. कटिबद्धतेची ओळ जाते. तिच्या जागी मोठ्या टाइपात एवढेच येते: ‘मृगबागेसाठी जी-नाइन केळी रोपे, शेतात पोच’. सहा शब्दांत हंगाम, वाण, माल आणि सोय आली. ‘अग्रगण्य’ शब्द शेजारच्या स्टॉलवरही असतो, ‘शेतात पोच’ असेलच असे नाही.

हंगाम मथळ्यात आणण्याला कारण आहे. या भागातील कृषी प्रदर्शने बरीचशी हिवाळ्यात भरतात, तर मृगबागेची लागवड जून-जुलैत होते. डिसेंबरात घेतलेला कागद मे महिन्यात पुन्हा उघडला जाणार असतो. त्यामुळे ‘आजच नोंदणी करा’ किंवा ‘प्रदर्शनापुरती खास सवलत’ ही वाक्ये दुसऱ्या दिवशीच शिळी होतात. त्याऐवजी नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत आणि आगाऊ रक्कम किती, हे लिहावे.

दुसऱ्या भागात शेतकऱ्याचे नेहमीचे प्रश्न त्याच क्रमाने घेतात: रोप केवढ्याला, गाडीभाडे त्यात धरले आहे का, एकरी किती लागतील, आणि हरण्या रोगाचे काय. ५ × ५ फूट अंतरावर एकरी सुमारे १,७४२ रोपे बसतात. हा आकडा छापला की शेतकरी खर्चाचा हिशेब स्वतःच मांडतो. हरण्या, म्हणजे काकडीवरील मोझॅक विषाणूचा केळीवरील रोग, याबाबत ‘रोगमुक्त रोपे’ असे लिहिण्याचा मोह टाळावा. रोप विषाणूची चाचणी करून दिले तरी लावणीनंतर मावा शेतात तो रोग आणू शकतो. ‘मातृरोपांची विषाणू चाचणी केलेली’ हे विधान खरे असेल तर तेच छापावे. हमीचा शब्द कागदावर गेला की पुढचे भांडण त्याच कागदावरून होते.

संपर्कासाठी एकच क्रमांक, पाच-पाच अंकांच्या दोन गटांत तोडून छापतात. तीन क्रमांक दिले तर कोणता उचलला जातो हे कळायला मार्ग उरत नाही. क्यूआर कोडातून व्हॉट्सॲप उघडायचे असेल, तर आधी भरून ठेवलेला संदेश आखूड ठेवावा लागतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=MB1
```

येथे `MB1` ही मृगबागेची खूण आहे. चौकशी कोणत्या पत्रकावरून आली हे तिच्यावरून समजते. हीच खूण ‘मृगबाग’ अशी देवनागरीत घातली तर दुव्यात प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात. दुवा ३५ चिन्हांवरून ८६ वर जातो आणि कोड थोडा खराब झाला तरी वाचला जावा यासाठी ठेवलेल्या मध्यम दुरुस्ती-पातळीवर कोडाची बाजू साधारणपणे २९ चौकटींवरून ४१ वर पोचते. दोन सेंटिमीटरच्या कोडात चौकटी इतक्या बारीक झाल्या की स्वस्त छपाईत शाई पसरते आणि कोड उघडत नाही. भोवती चार चौकटींएवढी कोरी जागा सोडावी लागते. डीटीपीवाला तिथेच वेलबुट्टी आणून टेकवतो. कोडावरून घडी जाणार नाही हेही पाहावे, कारण पत्रक खिशात जाते ते चार घड्या होऊनच.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि डीटीपीच्या दुकानांत जुने फॉन्ट अजून चालतात. रूपांतरात रफार आणि वेलांट्या सरकतात, म्हणून अंतिम प्रूफ कागदावरच तपासावे. त्यावरील क्रमांक प्रत्यक्ष फिरवून आणि कोड दोन वेगवेगळ्या फोनवर उघडून पाहतात.

चाचणी साधी आहे. धंद्याशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना चालता चालता पत्रक द्यावे, तीन सेकंदांनी काढून घ्यावे आणि काय मिळते ते विचारावे. ‘केळीचं काहीतरी’ असे उत्तर आले तर मथळा फसला. मग कागद परत देऊन ‘आता रोपं हवी असतील तर काय कराल?’ असे विचारावे. बोट क्रमांकाकडे जायला वेळ लागला तर तो मजकुरात दडला आहे.

मथळा अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत देण्याकडेही काहींचा कल असतो. ऐकायला तो आपलासा वाटतो, परंतु या बोलींचे लेखन एकसारखे रुळलेले नाही आणि वाचक शब्दाशी अडखळला की मिळालेले दोन सेकंद त्यातच जातात. बोली स्टॉलवरच्या माणसाच्या तोंडी शोभते. कागदावर तिला एखाद्या लहान ओळीपुरती जागा द्यावी.